सहा किलोमीटरची चूक

आमच्या वीजकेंद्रातल्या टेलिकॉमच्या बाईंना सगळे घड्याळताई म्हणत. घरी एक धाकटा भाऊ, तोही आमच्याकडेच, लाइनवर. त्याला त्यांनी आईच्या मायेने वाढवला आणि हवालदाराच्या धाकात ठेवला.

ताईंचं काम वेळ सांभाळायचं. लाइन तुटली की बिघाडाची लाट दोन्ही टोकांना धावते. कुठे आधी पोचली, कुठे नंतर, यावरून बिघाडाची जागा निघते. लाट मायक्रोसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, सुमारे तीनशे मीटर पळते; एका घड्याळाची वेळ तेवढी चुकली की जागा त्याच्या निम्म्याने, दीडशे मीटर, सरकते. म्हणून दोन्हीकडची घड्याळं जुळलेलीच हवीत. ती जुळतात मुख्य घड्याळाकडून नेटवर्कवर येणाऱ्या निरोपांवर.

एकदा नेटवर्क कार्ड जळलं आणि साहेबांनी साठ्यात पडलेलं साधं कार्ड बसवलं. ताई तडक त्यांच्या टेबलाशी गेल्या.

"जुनं कार्ड निरोप तारेवरून आला की तिथल्या तिथे वेळ टिपायचं. आता सॉफ्टवेअर टिपतं, कॉम्प्युटर मोकळा झाल्यावर. पाहुणा दारात आला तेव्हाची वेळ नाही, कारकुनाने मान वर केली तेव्हाची."

"मग तेवढा उशीर वजा करा की."

"ठरलेला असता तर केला असता. कामाची गर्दी झाली की वाढतो, नाहीतर कमी. किती ते कळत नाही."

"स्क्रीनवर हिरवं दिसतंय ना? मग झालं."

हिरवं दिसत होतं खरं. हिरवं दिसायला काय जातंय?

मग वादळाच्या दिवशी लाइन बंद पडली. अलार्मचा नुसता पाऊस, कॉम्प्युटर मेटाकुटीला आलेला. बिघाडाची जागा काढणाऱ्या यंत्राने एक टॉवर सांगितला, भावाची तुकडी तिथे गेली. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"ताई, इथे सगळं धड आहे."

"आकड्यावर जाऊ नकोस. घड्याळ चाळीस मायक्रोसेकंद हललं असलं तरी जागा सहा किलोमीटर चुकते. चूक त्याच बाजूची असणार, नाल्यापलीकडे बघून ये."

तो एकटाच चालत निघाला. इकडे साहेब म्हणाले, "जागा तपासली, काही नाही. लाइन चालू करा."

"माझा भाऊ लाइनखाली चालतोय, साहेब."

"लाइन वर असते, बाई. खालून चालणाऱ्याला काय होतंय?"

लाइन चालू झाली आणि लगेच पुन्हा बंद पडली. नाल्यापलीकडे ओल्या गवतात तुटलेली तार पडली होती. ती दिसायच्या आत तो तिच्याजवळ पोचला होता. वीज आली आणि तो जागीच गेला.

त्यानंतर वेळ टिपणारं कार्ड पटकन आलं. पुढच्या बिघाडाला यंत्राने अगदी नेमका टॉवर दाखवला. साहेब ताईंच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "आता भरवसा बसला ना?"

त्या माणसाच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. ताईंनी मान वळवली नाही.

"कार्ड चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण भावाला नाल्यापलीकडे जा म्हणाले ती मी. आणि जागा मी बरोबर सांगितली होती."