पिवळे डोळे

ह्यांना टीबीच्या गोळ्या सुरू होऊन तिसरा महिना लागला होता. खोकला थांबला, तसं तारनाक्याच्या मित्रांबरोबर संध्याकाळचं पिणं पुन्हा सुरू झालं. "थोडीशीच घेतो," म्हणायचे. मग जेवण नकोसं झालं, उलट्या होऊ लागल्या. लघवी गडद होत होती, पण या गोळ्यांनी ती केशरी होतेच, म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. एका सकाळी खिडकीपाशी मला त्यांचे डोळे पिवळे दिसले.

तडक दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पीना चालू है क्या?"

"रोज," मी सांगितलं.

रक्त तपासलं, तर लिव्हरला सूज निघाली. "गोळ्यांचा भार लिव्हरवर असतोच, त्यात ही दारू," म्हणत बाईंनी सगळ्या गोळ्या थांबवल्या.

मला त्याचीच जास्त धास्ती वाटली. गोळ्या घ्याव्यात तर लिव्हर जाईल, न घ्याव्यात तर टीबी उलटेल. रोज उठून मी त्यांचे डोळे बघायची आणि खोकल्याकडे कान लावून बसायची. काही आठवड्यांनी सूज उतरली, मग दर वेळी रक्त तपासून एकेक औषध परत सुरू केलं. उपचार लांबले, पण पुरे झाले. दारूही सुटली. तरी ह्यांना घरी यायला उशीर झाला की माझा जीव अजून खालीवर होतो.