बाहीवरचं ग्रीस

कुणाचाही डागाळलेला कपडा हातात आला की मी आधी विचारते, "धुऊ का?" आमच्या घरात ही माझी खोड सगळ्यांच्या थट्टेचा विषय आहे. मुलं म्हणतात, आई धुण्याचीसुद्धा परवानगी काढते. जावईबापू पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर वरण सांडलं. त्यांनाही मी तेच विचारलं आणि ते बिचारे गोंधळून "नको" म्हणाले. दिवसभर पिवळा डाग मिरवत बसले. हसायचं तर हसा, पण या प्रश्नामागे काय आहे ते एकदा सांगून टाकते.

माझं माहेर देऊळघाटचं, शेतीवाल्यांचं. आम्हाला डाग म्हणजे चिखलाचा, फार तर केळीच्या चिकाचा. लग्न होऊन नांदुऱ्याला आले तर नवरा कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्रांचं तेलपाणी करणारा. पहिल्याच आठवड्यात मी त्यांचा ग्रीसचा सदरा सरळ पाण्यात बुडवला आणि दगडावर बडव बडव बडवला. डाग एक होता, त्याचे चार झाले. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या.

"काऊन वं, चित्र काढून राह्यली का त्याच्यावर?"

मग त्यांनीच शिकवलं. ग्रीसला आधी पाणी दाखवायचं नाही. चमच्याच्या पाठीनं वरचा थर खरवडून काढायचा. डागाखाली जुन्या धोतराची घडी ठेवायची, कपडा उलटा करायचा आणि मागून रॉकेलचा बोळा टिपत राहायचं. चोळायचं नाही, टिपायचं. खालच्या घडीत काळं उतरतं, ती सरकवत जायची. मग कोरडाच साबण घासायचा आणि त्यानंतर सोडा घातलेलं ऊन पाणी. हे सगळं चुलीपासून लांब, अंगणात. सायकलच्या साखळीचं तेल त्याहून चिवट. त्यात लोखंडाची बारीक काळी पूड असते. ते जुनं झालं असेल तर रात्रभर खोबरेल चोळून ठेवायचं, म्हणजे सैल पडतं. आणि डाग पुरता गेल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही, नाहीतर तो जन्माचा बसतो.

ह्यांच्या खाकी पँटची उजवी मोहरी रोज साखळीत जायची. सुतळी बांधा म्हणून मी सांगायची. "हाव," म्हणायचे आणि विसरायचे. दोन वर्षांत मी अशी तयार झाले की आळीतल्या बाया ग्रीसचे कपडे घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. मला वाटायचं, नांदुऱ्यात आपल्यासारखी धुणारी दुसरी नाही. हा ताठाच नडला.

हंगाम ऐन भरात होता. दुपारी जिनातला एक माणूस धावत आला. ह्यांचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला होता. त्यांच्या वरच्या मिस्त्रीनं चालत्या यंत्रावरच ग्रीस भरायला लावलं होतं. यंत्र थांबवलं तर काम तुंबतं, म्हणून. दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. त्यांच्या अंगावरचे कपडे कंपाउंडरनं गाठोडं करून माझ्या हातात दिले.

घरी येऊन मी गाठोडं सोडलं. सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत पिवळ्या-काळ्या ग्रीसनं लडबडलेली, मनगटाशी रक्त. मला ते बघवेना. सासूबाई भिंतीला टेकून नुसत्या बसून होत्या. मला रडता येईना, म्हणून मी धुवायला बसले. रक्ताला गार पाणी आणि मीठ. ते वाळल्यावर ग्रीसला रॉकेल. दोन दिवस मी तेच केलं. घडी सरकवत गेले, बोळे बदलत गेले. तिसऱ्या दिवशी सदरा उन्हात घातला तेव्हा बाहीवर सावलीएवढाही डाग नव्हता. शेजारीण म्हणाली, "बाई वं, नवा आणला का?" खोटं कशाला सांगू, त्या दुःखातही मला बरं वाटलं.

पँट मात्र राहिली होती. मोहरीचं तेल जुनं. तिला खोबरेल चोळून ठेवलं आणि सकाळी जिनातून निरोप आला. अपघाताच्या चौकशीला कामगार खात्याचे साहेब अकोल्याहून आलेत, त्या दिवशीचे कपडे घेऊन या. मला वाटलं, साहेबांसमोर घरची लाज राखावी. सदऱ्याला इस्त्री केली, वर ठेवला. पँट खाली दडपली.

हे दवाखान्यातून परस्पर तिथे आले होते, हात गळ्यात बांधलेला. जिनाचा मॅनेजर त्या साहेबांना सांगत होता, "यंत्राचा संबंधच नाही साहेब. सायकलची साखळी उतरली होती, ती चढवताना बोटं दातऱ्यात गेली. सायकल स्टँडवर झालं हे." मिस्त्री दाराशी उभा राहून छताकडे बघत होता.

ह्यांचा आवाज मात्र ठाम होता. "साहेब, सदरा पाहा. कोपरापर्यंत बाही ग्रीसमधी बुडाली होती. सायकलीले इतकं ग्रीस कोण लावते? अवं, दाखव साहेबाले."

मी गाठ सोडली.

वर तो सदरा. पांढराशुभ्र, घडी मोडायला जीव होऊ नये असा. साहेबांनी उलगडला, बाही उजेडात धरली, नाकाशीही नेली. मी पाहत होते आणि माझ्या लक्षात येत होतं. 

"हा तर धुतलेला आहे," साहेब म्हणाले.

"मी धुतला," मी म्हटलं. "ग्रीस होतं साहेब, खूप होतं. मीच काढलं."

"खाली काय आहे?" मॅनेजरनं विचारलं.

खाली पँट होती. खोबरेलानं साखळीचं तेल पसरून उजवी मोहरी गुडघ्यापर्यंत काळी झाली होती. मॅनेजरनं ती दोन बोटांनी उचलली. "बघा साहेब. साखळीचं तेल. दुसरं काय म्हणत होतो मी?"

साहेब वाईट नव्हते. त्यांनी मिस्त्रीला विचारलं, दोनदा विचारलं. मिस्त्री म्हणाला, "म्या काही पाह्यलं नाही जी."  मग साहेबांनी लिहिलं. भरपाई नाही की नोकरी नाही. कागदावर ते सायकलची साखळी चढवताना झालं आणि तसंच राहिलं.

घरी येताना हे पुढे चालले होते, मी मागे. सायकल जिनातच राहिली होती. मला वाटत होतं, त्यांनी वळून मला शिवी द्यावी, एक मुस्काटात ठेवून द्यावी. रेल्वे फाटकाशी ते थांबले आणि म्हणाले, "धुतला मात्र चांगला." बस्स. त्यांनी ते टोचून म्हटलं की खरंच म्हटलं, ते मला आजवर कळलेलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. सासूबाईंनी त्या दिवसापासून मला काही शिकवलं नाही.

पुढे एस.टी. स्टँडासमोर लिंबाखाली त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. साखळीनं ज्याची बोटं खाल्ली असं सरकारी कागद म्हणतो, तो माणूस आठ बोटांनी जन्मभर साखळ्याच चढवत राहिला. कुणी गिऱ्हाईक हाताकडे बघून विचारी, तर सांगायचे, "सायकलीतच गेली." खरं सांगायचा त्यांना कंटाळा आला होता.

त्यांच्या मोहरीला रोज साखळीचं तेल लागे. मी खोबरेलाची वाटी घेऊन बसे आणि आधी विचारी, "धुऊ का?"

"धू," ते म्हणत. दरवेळी तेवढंच, आणि दरवेळी माझ्याकडे न बघता.