निळ्या शिखराखालचा उंचवटा

अकोल्याच्या प्रयोगशाळेत जनुकांच्या तपासण्यांवर सही माझी असे, आणि सहीसोबत माजही माझाच.

अचलपूरचं एक जोडपं आलं. त्यांचं पहिलं बाळ पोटातच हाडं मोडलेल्या अवस्थेत जन्मलं आणि चार दिवसांत गेलं. कोणतं जनुक बिघडलं ते ठाऊक नव्हतं, म्हणून बाळाचं जपून ठेवलेलं रक्त बाहेरच्या मोठ्या मशीनवर पाठवलं. ती डीएनएचे बारीक तुकडे करते आणि कोट्यवधी तुकडे एकाच वेळी, पण प्रत्येक वेगळा, वाचते. शेकडो जनुकांतून एका अक्षराची चूक सापडली.

आता जागा कळली होती. तेवढीच आईबापांत पाहायची तर आमची जुनी पद्धत बास. डीएनएची नक्कल करताना मधूनमधून असं रंगीत अक्षर घालायचं की नक्कल तिथेच थांबते. थांबलेले तुकडे लांबीने लावले की रंगांची शिखरं उमटतात. सात-आठशे अक्षरं सलग, स्वच्छ. पण ही पद्धत सगळ्या पेशींचं मिळून एकच चित्र काढते. थोड्याशा पेशींतली चूक त्यात बुडते.

आईची शिखरं स्वच्छ होती. बापाच्या एका निळ्या शिखराखाली लहानसा उंचवटा होता. यंत्राची कुरकुर म्हणून मी सोडून दिला. 'थोड्या पेशींत दोष असू शकतो, पुढच्या गर्भाची तपासणी करावी' हे छापील वाक्यही मी अहवालातून काढायचो. लोक उगाच घाबरतात, असं माझं मत.

"सर, पुढच्या खेपेले पोटातलं पाणी तपासा लागते काय?" बाळाच्या आईने विचारलं होतं.

"काही गरज नाही," मी म्हणालो. वर हसलोही.

दुसरं बाळही तसंच जन्मलं. दोन दिवस टिकलं. यावेळी दोघांचं रक्त मोठ्या मशीनवर पाठवलं आणि ती एकच जागा हजारो वेळा वाचून घेतली. आईत चूक नव्हती. बापाच्या शंभर तुकड्यांत आठ चुकीचे होते; म्हणजे दोष त्याच्या थोड्याच पेशींत होता, आणि तोच दोन्ही बाळांत उतरला होता. जुना आलेख काढून पाहिला. उंचवटा होता तिथेच होता.

महिन्यातून एकदा मी अमरावतीच्या दवाखान्यात बसायचो, तिथे मी नवऱ्याला एकट्याला आत बोलावलं. त्याने ऐकलं, दार लोटून घेतलं.

"आमच्या घरी सारे तिलेच पांढऱ्या पायाची म्हणून राहिले. माय तर दुसरी पोरगी पाहून राहिली," तो म्हणाला. "तिले सांगू नका, सर."

मी रागावायला हवं होतं. पण त्याने गप्प राहणं मलाही सोयीचं होतं. त्याने तोंड उघडलं असतं तर माझा आलेखही उघडा पडला असता. मी मान हलवली.

बाहेर ती बाकावर बसली होती. मला पाहून उठली, पदर सावरला.

"माह्यातच खोट हाये ना, सर?"

तिच्या निर्दोष रक्ताचा कागद माझ्या खिशात होता. माझ्यामागून बाहेर आलेल्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"नशीब म्हणायचं," मी म्हणालो, आणि तिने माझ्या पायांना हात लावला.