पन्हाळ्याच्या फोटोखालची ओळ

मंगळवार पेठेतल्या ज्या दुकानात मी कामाला होते, तिथं वाढदिवसाचे फ्लेक्स छापले जायचे. गिऱ्हाईक फोटो आणून द्यायचं आणि म्हणायचं, "खाली तुम्हीच लिवा की कायतरी झकास." मी लिहायचे. गल्लीची शान, मित्रांचा लाडका, दिलदार माणूस. ज्यांना कधी बघितलंही नव्हतं, त्यांचं मी दिवसभर कौतुक करायचे आणि संध्याकाळी जवळच्याच गल्लीतल्या माझ्या खोलीवर जायचे. खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह. घरमालकीण खाली राहायची. ती भाड्यापुरतं बोलायची, आणि मलाही त्याहून जास्त बोलायची सवय राहिली नव्हती.

त्याच सुमाराला गारगोटीच्या शाळेतल्या आम्ही काहीजणी इंटरनेटवर एकमेकींना सापडलो. बहुतेकींची लग्नं झाली होती. कुणी पुण्याला, कुणी त्याहून लांब. एकीनं टूम काढली की प्रत्येकीनं लहानपणीचा एक फोटो टाकायचा आणि खाली एक ओळ लिहायची. आठवड्याभरात फोटो येऊ लागले. खालच्या ओळी सगळ्या स्वतःवर हसणाऱ्या होत्या. "हे ध्यान ओळखा." "तेलकट वेण्यांची महाराणी." त्याखाली बाकीच्या आणखी हसायच्या.

माझ्याकडं लहानपणीचा एकच फोटो होता. चौथीची पन्हाळ्याची सहल. सहलीबरोबर आलेल्या फोटोग्राफरनं मुली डबा खात असताना काढलेला. त्या वर्षी मला टायफॉईड झाला होता. केस मुठीनं गळायला लागले, तेव्हा आईनं न्हाव्याकडं नेऊन सगळेच काढले होते. फोटोत डाव्या कडेला मुलींचा घोळका आहे, आणि उजवीकडं, तटाच्या दगडावर, गोटा केलेली मी एकटी. माझ्या डोक्याला हात लागला तर आपलेही केस जातील, असं कुणीतरी वर्गात पसरवलं होतं. तो फोटो मी ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. फाडला नव्हता, एवढंच.

रविवारी दुकान बंद असायचं, पण किल्ली माझ्याकडं होती. मालकांना सांगून मी गेले. स्कॅनरची काच पुसली, फोटो पालथा ठेवला. रंग लालसर पडले होते, ते थोडे सावरले. मग लिहायला बसले.

पहिली ओळ हातातून आपोआप आली. "ओळखा पाहू हा टकलू कोण." बाकीच्यांच्या ओळींत ती चपखल बसली असती. पण वेण्यांना तेल लावलेल्या मुलीवर हसणं वेगळं. या मुलीवर तेव्हा खरोखरच हसले होते लोक. आता मीच पुढं होऊन हसायला सांगितलं असतं, तर सगळ्या हसल्या असत्या, आणि त्यांची चूक नसती. फोटोकडं कसं बघायचं हे खालची ओळच सांगते, हे मला धंद्यामुळं माहीत होतं. मी ती खोडली.

दुसरी लिहिली: "बिचारी, आजारातून उठलेली." वाचली आणि नको वाटली. मुलगी तर दात पडलेलं तोंड उघडून हसत होती, तिला बिचारी कुठल्या तोंडानं म्हणायचं? मग लिहिलं, "शूर, जिद्दी, लढवय्यी," आणि मालक उद्या याचा फ्लेक्स मागतील असं वाटलं. त्यानंतर तिच्याशीच बोलून बघितलं. "घाबरू नकोस, पुढं सगळं छान होणार आहे." ही ओळ मी बराच वेळ ठेवली होती. रिकाम्या दुकानात, रविवारी, एकटीनं बसून असलं आश्वासन लिहिताना बोटं थांबली. मुलं खोटं लगेच ओळखतात.

लिहायला काही सापडेना म्हणून मी फोटो मोठा केला. पडद्यावर नुसता माझा कोपरा राहिला. मांडीपुढं दगडावर एक फुलाफुलांचं फडकं अंथरलेलं होतं. ते डोक्याला बांधायला आईनं दिलेलं. मी ते बांधलंच नव्हतं, त्यावर डबा मांडला होता. आणि डब्याचं झाकण माझ्या पुढ्यात नव्हतं. ते पलीकडच्या, रिकाम्या बाजूला ठेवलेलं होतं, आणि त्यात अर्धी भाकरी आणि चटणी वेगळी वाढलेली होती.

मी आईला फोन लावला. ती गारगोटीलाच राहायची.

"आई, चौथीच्या सहलीला तू मला डब्यात काय दिलं होतंस?"

"भाकरी आन् शेंगदाण्याची चटणी. का गं?"

"किती भाकऱ्या?"

"ते कसं आठवंल? पर तू एक जास्तीची मागायचीस. रोजच. मैत्रिणीला म्हणायचीस."

"कुठल्या मैत्रिणीला?"

"म्या कवा इचारलं न्हाय. डबा रिकामा यायचा, मला वाटलं हाय कोणतरी." मग म्हणाली, "जेवलीस का तू?"

"जेवले," म्हणून मी फोन ठेवला. जेवले नव्हते.

मग मी फोटोतल्या मुलीकडं पुन्हा बघितलं. कोणी येणार नव्हतं हे तिलाही ठाऊक असणार. तरी तिनं जागा धरली होती आणि वाढून ठेवलं होतं. माझ्याकडं एवढ्या वर्षांत खोलीवर दुसरं ताटसुद्धा नव्हतं. मला तिची दया आली नाही. मला ती फार आवडली.

ओळ लिहिली, पण ती टाकताना वेगळाच घोळ. दुकानातल्या फॉन्टमध्ये लिहिलेलं मराठी साईटवर चिकटवलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटायची. मैत्रिणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या. मी तसं लिहून बघितलं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडचं वाटलं. शेवटी इंटरनेटवरच मराठी अक्षरं उमटवायची सोय शोधून सगळं पुन्हा टाईप केलं. जागा ठरावीकच होती, म्हणून काटछाट करावी लागली. टायफॉईड काढला. वर्गातली अफवा काढली, कारण ती ठेवली असती तर ओळ बाकीच्यांना जाब विचारणारी झाली असती. "मी" हा शब्दही एकदाच ठेवला. उरलं ते असं:

"पन्हाळा, चौथीची सहल. डोक्याचं फडकं हिनं भाकरीखाली अंथरलंय आणि येणाऱ्यासाठी वाढून ठेवलंय. दात पडलाय तरी हसणं आवरत नाही. सरक गं जरा, मी बसते."

टाकलं, दुकान बंद केलं, कुलूप ओढून बघितलं आणि खोलीवर गेले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत उघडून बघितलं. एकीनं लिहिलं होतं, "ही कोण? आपल्या वर्गात होती?" दुसरीनं नुसतं एक हसरं तोंड टाकलं होतं. आणखी एकीच्या नव्या फोटोवर मात्र गर्दी झाली होती. माझी ओळ तशी कुणाला कळली नाही. मला वाईट वाटलं, पण ओळ बदलावीशी वाटली नाही. दिवसातून एकदा तरी मी ती उघडून वाचायचे, आणि मला तो फोटो बघायला आवडायला लागला होता.

काही दिवसांनी फोटोतल्या त्या घोळक्यातल्याच एकीची ओळ आली. सध्या ती सोलापूरला होती. तिनं लिहिलं होतं, "तुझ्याकडची चटणी मस्त असायची. मी खाल्लीये."

मी पुष्कळ आठवून बघितलं. ती माझ्या शेजारी बसलेली मला एकदाही आठवत नाही. दुसऱ्याच कुणाच्या डब्यातली चटणी तिच्या लक्षात राहिली असेल, किंवा मला बरं वाटावं म्हणून तिनं तसं लिहिलं असेल. विचारावं असं दोनदा मनात आलं.

मग मी खाली लिहिलं, "आईच्या हातची होती."