पाठीची चौकट

घरच्या लग्नासाठी घेतलेल्या नऊ दिवसांच्या सुट्टीवरून मी परत आले, तर त्या काकूंचं वजन दोन किलोंनी वाढलेलं होतं आणि सगळा वार्ड खुश होता.

काकू जवळच्याच जामुलच्या. अंगणात पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण टाक्यांची जागा काही केल्या सुकत नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडायचं ठरलं होतं. काका स्टुलावर बसून होते. सिमेंटच्या कारखान्यातून रिटायर झालेले, मूळचे आमच्यासारखेच भंडाऱ्याकडचे, या हिंदी मुलखात पोटासाठी आलेले. मला पाहून म्हणाले, "तब्येत भरून राहिली हिची, बाई. तोंड पाहा कसं गोल झालं."

गोल होतं खरं. पण ती गोलाई मला आवडली नाही.

मी आहारतज्ज्ञ आहे. आमच्या घरात कॉलेज संपवणारी पहिली. आई अजून अंगठा लावते, बाबा इथल्या प्लांटमध्ये खलासी होते, ओझी उचलणारे. दवाखान्यात माझी ओळख म्हणजे 'खिचडीवाली मॅडम'. ताट वाटायला वेगळी माणसं असतात, मी शिकले ते माणसाचं अंग वाचायला, हे सांगून सांगून मी थकले. आमच्याकडे त्यासाठी छापील फॉर्म आहे. कानशील, गळ्याचं हाड, खांदा, अंगठ्याजवळचं मांस, मांडी, पोटरी. डोळ्यांखालची आणि दंडामागची चरबी. घोट्यावरची आणि कमरेखाली पाठीवरची सूज. केस, ओठ, जीभ, नखं. प्रत्येकाची एक चौकट आणि तिच्यात, झीज किंवा सूज किती, याचा चारपैकीच एक शब्द: नाही, थोडं, मध्यम, फार. दर वेळी तीच जागा, तोच शब्द, म्हणजे मागच्याशी आजचं ताडून पाहता येतं. पंधरा मिनिटांचं काम आहे. हात लावावा लागतो, एवढंच.

काकूंच्या डोक्यावर पदर होता. काढू का विचारलं, त्यांनी मान हलवली. कानशिलात खड्डा, माझं बोट बसेल एवढा. गळ्याचं हाड वर आलेलं. दंडामागची कातडी चिमटीत धरली तर माझी दोन बोटं जवळजवळ एकमेकांना टेकली. ओठांचे कोपरे फाटलेले, जीभ लाल आणि गुळगुळीत.

"जेवता का काकू?"

"तिखट लागते सारं. साधा भातबी झोंबते." मग काकांकडे पाहून हळूच, "ताट त्याइले देतो. ते उपाशी बसतेत ना इथं."

काका छताकडे पाहू लागले. ताट रोज रिकामं परत जात होतं आणि रोज वहीत पूर्ण खाल्ल्याची नोंद होत होती.

पाय उशीवर उंच ठेवलेले. घोटा दाबला, काही नाही. मग सिस्टरला हाताशी घेऊन काकूंना कुशीवर वळवलं आणि कमरेखाली अंगठा दाबून पाचपर्यंत मोजलं. अंगठा काढला, तर खड्डा तसाच राहिला. भिजवलेल्या कणकेत राहतो तसा. बराच वेळ भरला नाही. आठवडाभर झोपून असलेल्या माणसाचं पाणी पाठीकडेच उतरणार, आणि वाढलेले दोन किलो ते हेच.

फाइल उघडली. मी सुट्टीवर जायच्या दिवशी केलेली पहिली तपासणी त्यात होती. त्या दिवशी काकू दुखण्याने कळवळत होत्या, वळवता आलं नव्हतं, म्हणून पाठीच्या चौकटीत मी एक आडवी रेघ मारली होती. 'तपासता आलं नाही, दुखतंय' असं लिहायला हवं होतं; नुसती रेघ 'नाही' अशीही वाचली जाते. माझी रात्रीची गाडी होती, घाई होती. रेघ मारली आणि गेले.

त्यानंतरच्या दोन तपासण्यांवर आमच्या सीनियर मॅडमची सही होती. माझे सगळे शब्द जसेच्या तसे उतरवलेले, कानशीलसुद्धा 'थोडं'च. फक्त माझ्या रेघेच्या जागी दोन्ही वेळा स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: नाही.

मी फाइल घेऊन त्यांच्या खोलीत गेले. मॅडम ऑफिसरच्या घरातल्या, नागपूरचं चोख मराठी बोलणाऱ्या.

"आलीस? हातावरची मेंदी उतरायच्या आत तपासणी सुरू?"

"मॅडम, पाठ पाहिली होती का तुम्ही?"

"पाय दाबले होते. नव्हतं काही."

"पाय उशीवर आहेत."

त्यांनी फाइल हातात घेतली, पानं उलटली. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "खाडाखोड करू नकोस, पुढच्या आठवड्यात फाइली बघायला माणसं यायची आहेत. नवे कागद घे. माझ्या पहिल्या तपासणीला 'थोडं', दुसरीला 'मध्यम', आज 'फार'. चढत गेलेलं दिसलं की कोणी विचारत नाही. मी सही करते."

माझं डोकं सणकलं. न पाहिलेलं 'नाही' दोनदा लिहून कमी पडलं म्हणून आता न पाहिलेलं 'थोडं' आणि 'मध्यम' लिहायचं. त्यावरून डॉक्टर हिशेब बांधणार, सूज किती वेगाने चढली, औषध काय द्यायचं. आणि हे सांगणाऱ्या बाई दर सोमवारी आम्हाला नोंदी कशा ठेवाव्यात ते शिकवतात.

"मी नाही लिहिणार."

"मग तुझी रेघही दिसेल. विचार कर."

विचार केला. खोलीपासून वार्डापर्यंत तेवढाच विचार केला, आणि सगळ्यांत जास्त राग त्या रेघेचाच आला.

डॉक्टर डिस्चार्जच्या कागदावर सही करायला आले होते. मॅडम मागोमाग येऊन दाराशी उभ्या राहिल्या.

"सर, इनको रोकिए."

"क्यों? वेट तो बढ़ा है."

"सर, यहाँ दबाइए. पाँच तक गिनिए."

त्यांनी दाबलं. अंगठा काढला आणि खड्ड्याकडे पाहत राहिले. मी कानशील दाखवलं, दंड दाखवला, जीभ दाखवली.

"कब से है ये?"

मागून मॅडम खाकरल्या.

"पता नहीं, सर. किसी ने देखा नहीं. पहले दिन मैंने भी नहीं."

डॉक्टरांनी काकूंची फाइल ओढून घेतली. मग हृदय, किडनी, लिव्हर यांच्या तपासण्या लिहिल्या, कारण सूज उपासमारीसारखीच त्यांच्यामुळेही येते. रक्तातले क्षार पाहायला सांगितले. खाणं एकदम वाढवायचं नाही, उपाशी अंगाला ते झेपत नाही; आधी थायमिन हे जीवनसत्त्व, मग थोडं थोडं, असं आमचं ठरलं. डिस्चार्जचा कागद त्यांनी मधोमध फाडला.

काका उठून उभे राहिले. "सुनेनं घर सारवून ठेवलं बाई. कावून अडकवून राहिली तुमी आमाले?"

"काका, काकूंच्या ताटाला हात लावायचा नाही. तुमच्यासाठी खाली कँटीन आहे."

फार कडक बोलले. त्यांचे डोळे भरले, आणि मी माफी मागितली नाही. माझ्यात तेव्हा माफीला जागा नव्हती.

जुन्या नोंदींना मी हात लावला नाही. खाली आजची तारीख टाकून सगळ्या चौकटी भरल्या, आणि शेवटी लिहिलं की पहिल्या दिवशी पाठ तपासलेली नाही. सही केली. त्या दिवसापासून मॅडम माझ्याशी फक्त हिंदीत बोलतात, वार्डातल्या परक्यांशी बोलतात तशा.

काकूंचे तिन्ही अवयव ठीक निघाले. मऊ, बिनतिखट खाणं आणि डॉक्टरांनी लिहिलेली जीवनसत्त्वं सुरू झाली. सूज उतरू लागली तसं वजन घटत गेलं आणि भरती झाल्या दिवसापेक्षाही खाली आलं. काटा पाहून सिस्टर घाबरली, "मॅडम, ये तो घट गया." मी म्हटलं, आता कुठे खरं वजन दिसलं. काकूंनी तोंड वाकडं केलं आणि वाटीतला शिरा संपवला. टाक्यांच्या कडा कोरड्या पडायला लागल्या होत्या. मी त्यांना कुशीवर वळवलं, अंगठा दाबला, पाचपर्यंत मोजलं आणि पाठीच्या चौकटीत लिहिलं: थोडं.