बॅकअपवर लोड नको

आमच्या भागात बॅकअप म्हणजे इन्व्हर्टर. पांढरकवड्यात कोणालाही विचारा. "तुमच्याकडं बॅकअप आहे का?" याचा अर्थ लाइट गेली तर पंखा फिरतो का, एवढाच. या एका शब्दापायी माझी खुर्ची जायची वेळ आली होती. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, मला नातवंडं झाली, पण ते आठवलं की माझी कानशिलं अजून तापतात.

मी तेव्हा हायवेलगतच्या एका खासगी दवाखान्यात रात्रपाळीला सर्व्हर सांभाळायचे. पुसदला त्याच ट्रस्टची शाखा होती, तिचंही सगळं आमच्याच सर्व्हरवर चालायचं. पेशंटची नोंद, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांचा साठा, सगळं. रात्री ट्रकचे अपघात यायचे, त्यामुळे रात्र म्हणजे निवांत असं काही नव्हतं.

त्या वेळची मी म्हणजे काय सांगू! नागपुरातून सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली, गळ्यात ओळखपत्र, कडक इस्त्रीचा ड्रेस. ओळखपत्र घालूनच भाजी घ्यायला जायची. भाजीवालीनं "दवाखान्यात झाडूपोछ्याले लागली का वो?" असं विचारलं, तर तिला सर्व्हर म्हणजे काय ते समजावत उभी राहिली. तिनं मला दोन वांगी जास्त दिली, दया येऊन.

तर एके दिवसापासून सर्व्हर रोज रात्री बसायला लागला. दोनच्या सुमाराला डेटाबेस बंद. कॅज्युअल्टीतून फोन, लॅबमधून फोन, पुसदहून फोन. मी डेटाबेस पुन्हा सुरू केला की लगेच सुरू व्हायचा, जणू काही झालंच नाही. रात्रभर नर्सेस कागदावर लिहायच्या आणि सकाळी तेच संगणकात भरायच्या. भरताना मला शिव्या द्यायच्या. माझ्यासमोरच.

मी काय काय नाही केलं! व्हायरस शोधला. केबली बदलल्या. उंदरांवर संशय घेतला, पिंजरा लावला, त्यात अडकलं माझंच बोट. शेवटी एका रात्री रॅकला लिंबू-मिरची बांधली. हो, मीच, कोर्स केलेली. आणि त्या रात्री तर डेटाबेस नेहमीपेक्षा आधी पडला.

सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या रोजनिशीत, एकच ओळ दिसायची, डिस्कवर जागा नाही म्हणून लिहिता आलं नाही. मी डिस्क बघायचे, तर निम्मी रिकामी! निम्मी रिकामी डिस्क आणि जागा नाही? मला वाटलं, लॉगच खोटं बोलतोय. स्वतःवर शंका घ्यायची तर माझी तयारीच नव्हती.

आमचे व्यवस्थापक पुसदकडचे, कापूस-तूर करणाऱ्या घरातले. शेतावरच्या गड्यांशी बोलावं तसं आमच्याशी बोलायचे. एका सकाळी त्यांनी मला दालनात बोलावलं. तिथं लॅबवाले, नर्सिंगच्या बाई, सगळे बसलेले.

"बाई, हे काय चालून राह्यलं? दिवसा काही होत नाही, रात्रीच काहून होते?"

"साहेब, शोधून राह्यले."

"शोधून राह्यले, शोधून राह्यले. महिना होत आला. रात्रीचं हे काम बाईमाणसाले झेपत नाही, मी पहिलेच म्हनलं होतं. नागपूरच्या एका कंपनीशी बोललो मी. पुढच्या महिन्यापासून ते तिथूनच पाहतील. तुम्ही नोंदणीच्या काउंटरवर बसा. सावलीतलं काम आहे."

सावलीतलं! जशी मी उन्हात नांगर धरून राहिले होते. मला इतका संताप आला की बाहेर येऊन मी जिन्यात रडले. रडताना ओळखपत्र ओलं झालं. ते पुसत असताना मनात आलं, दिवसा होत नाही आणि रात्रीच होतं हे त्यांचं म्हणणं तर खरंच आहे. मग मी रोज सर्व्हर पडल्यावरच का बघते? माणूस मेल्यावर नाडी बघण्यातली ही गत. पडायच्या आधी बघायला पाहिजे.

त्या रात्री मी गाणी, विणायला घेतलेला स्वेटर, सगळं बाजूला ठेवलं. डिस्कवर किती जागा उरली हे दाखवणारी आज्ञा मी सारखी चालवत बसले. मध्यरात्र उलटली तरी निम्मी रिकामी. मग एकाएकी आकडा हलायला लागला. बघता बघता डिस्क भरत चालली, पावसाळ्यात नाल्याला पूर यावा तशी.

कोण भरतंय ते पाहिलं. तर रात्रीची ठरलेली कामं असतात ना, वेळ झाली की आपोआप सुरू होणारी, त्यातलंच एक. डेटाबेसची पूर्ण प्रत काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवायचं काम. म्हणजे आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेतला खराखुरा बॅकअप.

पण बाहेरच्या डिस्कवर जायची ती प्रत सर्व्हरच्याच पोटात का जातेय? बाहेरची डिस्क कुठं आहे बघितलं, तर सर्व्हरला ती दिसतच नव्हती. तिच्या नावाचा रिकामा फोल्डर मात्र होता. कामाला काय, फोल्डर दिसला की ते लिहीत सुटायचं. डिस्क लावलेली आहे की नाही हे विचारायची अक्कल ते काम चालवणाऱ्या स्क्रिप्टला कोणी दिलीच नव्हती. जागा संपली की डेटाबेसही पडायचा आणि कामही फसायचं. फसलं की ते काम आपली अर्धवट प्रत पुसून टाकायचं, फार शहाणं बाळ. म्हणून मी नंतर बघायचे तेव्हा डिस्क निम्मी रिकामी असायची. लॉग खरंच बोलत होता. खोटी मीच होते.

डिस्क काठोकाठ भरायच्या आधी मी ते काम मध्येच थांबवलं, अर्धी प्रत पुसली. त्या रात्री डेटाबेस पडला नाही. मग मी रॅकच्या मागं रांगत गेले. तिथं बाहेरची डिस्क जागेवर होती, केबल लावलेली होती, पण तिच्या अ‍ॅडॉप्टरचा प्लग फरशीवर लोळत होता.

संध्याकाळी सगळं बंद करून जाणारे आणि सकाळी उघडणारे शिपाई काका दवाखान्याच्या मागंच राहायचे. त्यांचं मूळ घर केळापूरकडच्या तांड्यावर. ते उजाडताच आले, तसं मी त्यांना दारातच धरलं.

"काका, हा प्लग कोणी काढला?"

"मीच त."

"रोज?"

"हाव. रोज सांजी काढतो, सकाळी लावतो. काहून?"

सकाळी प्लग लावला की सर्व्हर डिस्कला आपोआप ओळखायचा. म्हणून दिवसा येणाऱ्या प्रत्येकाला सगळं जागच्या जागी दिसायचं.

"अहो, पण काढता कायले?"

"साहेबाचा हुकूम हाय ना बाई! बॅकअपवर लोड नको म्हने. रात्री लाइट जाते, जे जे लागत नाही ते काढून ठेवा म्हने. आन् साहेबाच्या फोनवर रोज मेसेज येते, बॅकअप फेल, बॅकअप फेल. मंग साहेब म्हनते, अजून काहीतरी काढा. परवा तुमची चहाची किटली काढली. काल टेबलाचा दिवा काढला. आज पंखा काढाले सांगतला हाय."

बॅकअपवर लोड नको, हे वाक्य काकांनी माझ्यासमोर किती संध्याकाळी म्हटलं होतं आणि मी जाणत्या बाईसारखी मान डोलावली होती. मलाही इन्व्हर्टरच वाटला होता! काम फसल्याचे मेसेज माझ्या आधीच्या माणसानं साहेबांचा नंबर टाकून सुरू केले होते. साहेबांनी ते वाचले, इलेक्ट्रिशियन बोलावला, बॅटऱ्यांत पाणी टाकलं, मग नव्या बॅटऱ्या घेतल्या आणि रोज एकेक प्लग काढायला लावला. बिचारा सर्व्हर रोज रात्री ओरडून सांगत होता आणि साहेब इन्व्हर्टरची सेवा करत होते.

हसू आलं का? आलं. पण आधी राग आला. माझी किटली काढली, माझा दिवा काढला आणि वर मलाच काढायला निघाले!

त्याच सकाळी मी डिस्क लावली, बॅकअप हातानं चालवला. तो पुरा झाला. त्यातून एक तुकडा दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला, पेशंटची नावं नीट दिसली. मग मी घरी न जाता तशीच साहेबांच्या दालनात गेले. नशिबानं ट्रस्टचे मोठे डॉक्टर त्या दिवशी आले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. लिंबू-मिरची तेवढी वगळली.

साहेब म्हणाले, "म्हणजे इन्व्हर्टरचाच प्रॉब्लेम होता ना?"

"नाही हो साहेब! प्लगचा होता."

मोठ्या डॉक्टरांनी मात्र हळूच विचारलं, "या महिन्यात सर्व्हर जळाला असता, तर आपल्याकडं काय उरलं असतं?"

"महिन्याभराआधीची प्रत, सर. त्यानंतर आलेल्या पेशंटचं काहीच नाही. ना इथलं, ना पुसदचं."

साहेबांनी समोरचे कागद उगाच सारखे केले.

"बरं, बाईंच्या काउंटरचं आपण नंतर पाहू," साहेब म्हणाले.

"नंतर कशाला?" मी म्हणाले. "त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललात ना, बाईमाणसाले झेपत नाही? मग आजही त्यांनाच बोलवा. लॅबवाल्यांनाही, नर्सिंगच्या बाईंनाही."

माझा आवाज इतका चढला होता की बाहेरच्या बाकावरचे पेशंट डोकावून गेले. मोठे डॉक्टर म्हणाले, "बोलवा त्यांना." ते सगळे आले. साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून म्हणाले, "बाई रात्रपाळीतच राहतील. नागपूरवाल्यांचं कॅन्सल." चूक झाली, हे काही ते म्हणाले नाहीत. नर्सिंगच्या बाईंनी जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली, "भल्ली भांडकुदळ आहेस वो तू!" हे त्या काळात मला मिळालेलं एकमेव प्रमाणपत्र.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, बॅकअपचे मेसेज यापुढं रात्रीच्या माणसाच्याही फोनवर गेले पाहिजेत. मी त्याच दिवशी स्क्रिप्ट बदलली. आधी डिस्क आहे का ते बघ, नसेल तर एक अक्षर लिहू नकोस आणि मला कळव. माझा नंबर टाकला. आणि फसल्याचेच मेसेज कशाला, म्हणून पुरं झाल्याचाही मेसेज सुरू केला.

साहेबांचा नंबर मात्र मी काढला नाही. रोज रात्री दोनच्या पुढं त्यांचा फोन वाजायचा, बॅकअप यशस्वी. आठवडाभरानं ते डोळे लाल करून आले.

"बाई, माह्या घरी सगळे जागे होतात. माहा नंबर काढा ना त्याच्यातून."

"मोठ्या डॉक्टरांना विचारून काढते, साहेब," मी म्हटलं, आणि विचारायला गेलेच नाही.