बाळंतिणीच्या खोलीला कुठला रंग

बोईसरला एका रंगाच्या दुकानात मी काउंटरवर बसते. लग्नाच्या आधीपासून बसते, त्यामुळे गिऱ्हाईक तोंड उघडतं तेव्हाच त्याचं काय चुकणार आहे ते मला कळतं. बाथरूमला डिस्टेंपर मागणारे असतात, ओल आलेल्या भिंतीला ऑइल पेंट मागणारे असतात. “दीदी, जो सबसे ज्यादा चमकेगा वो दे दो,” हे तर रोजचं. मी विचारते, भिंत कुठली, पाणी लागतं का, आधी काय लावलंय? लोक वैतागतात. मुलगी बघायला आल्यासारख्या चौकशा करते, म्हणतात. करते. बिघडलं की परत माझ्याच डोक्यावर येऊन बसतात ना.

आणि माझ्या सख्ख्या बापाने मला एका शब्दाने न विचारता माझी खोली रंगवली.

माझं पहिलं बाळंतपण एडवणला, माहेरीच होणार, हे बाबाने मला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. मागची खोली त्याने जाळी, दोऱ्या, डिझेलचे कॅन सगळं बाहेर काढून रिकामी केली. दिवाळीनंतर डोहाळजेवणाला गेले तेव्हा त्याने मोठ्या ऐटीत त्या खोलीचं दार उघडलं. चारी भिंती निळ्याशार. होडीचा रंग, इनॅमल, दोन हात मारलेले. इतका चकचकीत की त्यात बघून मी भांग पाडला असता.

“होडीचाच हाय,” बाबा म्हणाला. “दर्याचं पानी त्याचं काय करीत नाय, तर पोराच्या मुताचं काय घेऊन बसलीस.”

मी हसले नाही, कारण तोवर तो वास माझ्या डोक्यात चढला होता. टर्पेंटाइनचा, ताज्या ऑइल पेंटचा. दुकानात सीलबंद डबे असतात, त्यांचं काही नाही. इथे बंद खोलीत तो घट्ट बसला होता. तोंडाला पदर लावून मी अंगणात पळाले आणि जे व्हायचं ते झालं. बाबा मागून आला.

“काय झालं? कसला वास?”

त्या “कसला वास”ने माझं टाळकंच सरकलं. एवढा भपकारा, आणि हा विचारतो कसला. मी म्हटलं, “बाबा, या खोलीत मी एक रात्र काढणार नाही. माझं बाळंतपण बोईसरलाच होईल.” आणि ओटीचे नारळ घेऊन संध्याकाळी निघालेसुद्धा. नवऱ्याने मध्ये बोलायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे बघून पिशव्या उचलल्या. शहाणा आहे तो.

काही आठवड्यांनी आईचा फोन आला. समुद्राकडच्या भिंतीला फुगे आलेत, बोट लावलं की पापडासारखी सालं निघतात. मला तर आनंदच झाला. मी लेक्चर दिलं: ती भिंत पावसाळाभर पाणी पिते. खाली वर्षानुवर्षांच्या चुन्याचे थर, ते न खरवडता वरून ऑइल पेंट मारला. आतली ओल बाहेर यायला बघते, वरचा रंग तिला वाट देत नाही, मग ती रंगालाच ढकलून देते. “सांग त्याला,” मी म्हटलं.

आई हळू आवाजात म्हणाली, “त्याला वास येत नाय गं. कशाचाच. बरीच वर्सं झाली. सुक्या बोंबलाचा पन येत नाय. कुनाला सांगत नाय, लाज वाटते त्याला. तू गेल्यावर मलाच विचारत बसला, खरंच वास होता का गं, पोर माझ्यावर एवढी चिडली ती.”

मी काउंटरवरच रडले. समोरचं गिऱ्हाईक घाबरून ब्रश न घेताच गेलं.

रविवारी एडवणला गेले. अंगणात खुर्ची टाकून बसले. नाकाचा विषय मी काढला नाही, बाबानेही नाही. मी म्हटलं, खोलीच्या भिंतींना डिस्टेंपर लावू या. पाण्यात कालवायचा, वास जवळजवळ नाही, आणि भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते.

“डिस्टेंपर?” बाबा म्हणाला. “माझ्या नातवाला तसला हलका रंग?”

“होडी तू ओली असताना रंगवतोस का?”

“येडी हाय का तू? पावसात वर घेतो, सुकवतो, खरडतो, मग रंग.”

“मग भिंत कधी सुकवलीस?”

बाबा उठला, भिंतीशी गेला, खाली जमिनीलगत हात लावून बसला. बराच वेळ बसला. परत आला तेव्हा स्वतःच म्हणाला, “होडी वर घेता येते. हिचा पाय जन्मभर ओल्या मातीत.” मग मी सांगितलं, डिस्टेंपर फार टिकत नाही, दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावावा लागेल. त्यावर तो खुशीतच आला. “त्यात काय, होडी आमी दर वर्साला रंगवतो.”

आता त्याला असा हुरूप आला की सगळं घरच रंगवायला काढलं. पुढच्या खोलीच्या भिंती कोरड्या, पण आल्या-गेल्याचं डोकं टेकून तेलाचे डाग पडतात, म्हणून तिथे इमल्शन, पुसता येतं. स्वयंपाकघरात चुलीमागची भिंत कोरडी ठणठणीत, तिथे आईने स्वतः ऑइल पेंट मागितला. “मासळी तळते ती मी, घासते ती मी, मी सांगीन तो रंग.” बाबाचा उरलेला निळा डबा तिथे आणि दारांना कामी आला. खिडकीच्या गजांना आधी रेड ऑक्साइड, मग निळा, नाहीतर खारं वारं लोखंड खाऊन टाकतं. बाळंतिणीच्या खोलीचं दार मी बिजागऱ्यांतून काढायला लावलं. वाडीत रंगवा, उन्हात सुकवा, वास गेल्याशिवाय आत आणू नका.

बाबा आणि चुलतभावाने भिंती खरवडल्या. मी धुळीपासून लांब बसून ओरडत होते, की निळ्याचा एक टिपका ठेवू नका, इनॅमलच्या गुळगुळीत अंगावर डिस्टेंपर धरत नाही. चुलतभाऊ म्हणाला, हिच्यापेक्षा दर्या बरा. मग भिंती उघड्या ठेवल्या, वारा खाऊ दिला, आणि नंतर फिकट पिवळा डिस्टेंपर चढवला.

नववा लागल्यावर मी आले. आई म्हणाली, रोज सकाळी शेजारणीला बोलावून हा खोलीत हुंगायला लावतो, ती बिचारी लाजते.

बाबा नुकताच बंदरावरून आला होता. त्याने आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. मी खोलीत जाऊन उभी राहिले. छातीभर श्वास घेतला. वास नव्हता. खिडकीतून वारा येत होता आणि भिंती उबदार दिसत होत्या.

“येतो?” बाबाने बाहेरून विचारलं.

“नाही येत. आत ये ना.”

तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. शर्टाची बाही नाकाशी नेली, खाली केली. “नको बाय. दिवसभर डिझेलात होतो. माझा येत असंल, मला कलत नाय.”

त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता, थोडासा, लहानपणापासून येतो तसाच. मी त्याचा हात धरला आणि त्याला आत ओढलं.